स्वयंचलित अवकलन (प्रतिगामी पद्धत)

प्रतिगामी स्वयंचलित अवकलन ही संगणकावर लिहिलेल्या फलनाचे आंशिक अवकलज काढण्याची एक पद्धत आहे. या पद्धतीत फलनाचे बीजगणितीय सूत्र तयार केले जात नाही. फलनाची किंमत काढताना संगणकाने केलेल्या बेरीज, गुणाकार, लॉगरिदम यांसारख्या मूलभूत क्रियांची क्रमवार नोंद ठेवली जाते आणि मग तीच नोंद शेवटाकडून सुरुवातीकडे वाचत प्रत्येक क्रियेला साखळी नियम लावला जातो. फलनाला कितीही चले असली, तरी त्याचे उत्तर एकच संख्या असेल तर अशा एकाच परतीच्या फेऱ्यात सर्व चलांचे आंशिक अवकलज मिळतात. या सर्व अवकलजांच्या संचाला प्रवणता किंवा ग्रेडियंट असे म्हणतात.

पायटॉर्च, टेन्सरफ्लो, जॅक्स यांसारख्या यंत्र-शिक्षणाच्या प्रणाली याच पद्धतीने ग्रेडियंट काढतात. कृत्रिम चेताजालांच्या संदर्भात वापरला जाणारा बॅकप्रोपगेशन हा शब्द याच पद्धतीच्या एका विशेष रूपाचे नाव आहे. पद्धतीची मुख्य किंमत वेळेत नव्हे, तर स्मृतीत (मेमरीत) मोजावी लागते.

## पार्श्वभूमी

संगणकाकडून अवकलज मिळवण्याचे दोन जुने मार्ग आहेत. दोन्ही मार्ग चले थोडी असताना उपयोगी पडतात. परंतु चलांची संख्या हजारो किंवा लाखोंच्या घरात गेली की दोन्हींची अडचण होते.

पहिला मार्ग चिन्हात्मक अवकलनाचा. यात संगणक सूत्रावर शालेय नियम लावून नवे सूत्र तयार करतो. यातील अडचण दाखवण्यासाठी `x1·x2·…·xn` हा n चलांचा साधा गुणाकार पुरेसा आहे. त्याचा प्रत्येक आंशिक अवकलज म्हणजे उरलेल्या n − 1 चलांचा गुणाकार होय. चले १,००० असतील, तर १,००० सूत्रे तयार होतात आणि प्रत्येक सूत्रात ९९८ गुणाकार असतात. म्हणजे सुमारे दहा लाख गुणाकार. मूळ फलनाला मात्र ९९९ गुणाकारच लागतात. सूत्रांच्या या वाढीला 'सूत्रफुगवटा' म्हणता येईल. मूळ गुणाकाराला त्या त्या चलाने भागून काम सोपे करावे असे वाटते, परंतु एखादे चल शून्य असल्यास तो उपाय कोसळतो. प्रतिगामी पद्धतीत पुढे जाताना ९९९ आणि परतताना प्रत्येक गुणाकारामागे दोन, म्हणजे एकूण २,९९७ गुणाकार पुरतात आणि भागाकार मुळीच करावा लागत नाही.

दुसरा मार्ग संख्यात्मक अवकलनाचा. एका चलात `h` एवढा लहानसा बदल करून फलनाची किंमत किती बदलली हे पाहायचे आणि त्या फरकाला बदलाने भागायचे. मात्र या मार्गाने प्रत्येक चलासाठी फलनाची किंमत पुन्हा काढावी लागते. शिवाय `h` मोठा घेतला तर उत्तर ढोबळ येते आणि फार लहान घेतला तर जवळजवळ समान असलेल्या दोन संख्यांची वजाबाकी होऊन अचूक अंक नाहीसे होतात.

स्वयंचलित अवकलन या दोन्हींहून वेगळे आहे. त्यात चिन्हात्मक अवकलनाचेच नियम वापरले जातात, परंतु ते एका वेळी एकाच मूलभूत क्रियेला लावले जातात आणि त्यांचे फळ सूत्र म्हणून न ठेवता लगेच संख्या म्हणून ठेवले जाते. `h` सारखा कोणताही अंदाज यात नसल्यामुळे उत्तरातील चूक केवळ संगणकाच्या नेहमीच्या पूर्णांकनाची, म्हणजे शेवटचे अंक सोडून देण्याची असते.

## गणन आलेख

कोणतेही फलन काढताना संगणक त्याचे लहान लहान पायऱ्यांमध्ये विभाजन करतो. या पायऱ्यांच्या परस्परसंबंधांचे चित्र म्हणजे गणन आलेख. आलेखातील प्रत्येक बिंदू, ज्याला नोड म्हणतात, एका चलाची किंवा एका मधल्या निकालाची किंमत दाखवतो. एखादा निकाल ज्या किमतींवरून काढला गेला, त्या किमतींपासून त्या निकालाकडे बाण जातात. पुढच्या पायरीचा निकाल मागच्या पायरीत वापरता येत नाही. त्यामुळे बाणांचे चक्र कधीच तयार होत नाही. कार्यक्रमात आवर्तने (लूप) असली, तरी प्रत्येक आवर्तनातील क्रिया आलेखात स्वतंत्र नोड म्हणून येते.

उदाहरण म्हणून पुढील फलन घेऊ:

`L = ln( xy · (xy + x) )`, `x = 2`, `y = 3`

येथे `xy` हा भाग दोनदा आला आहे. संगणक तो एकदाच काढून पुन्हा वापरतो. त्यामुळे या फलनाच्या चार पायऱ्या होतात:

| पायरी | क्रिया | किंमत |
|---|---|---|
| १ | `a = x · y` | `6` |
| २ | `b = a + x` | `8` |
| ३ | `c = a · b` | `48` |
| ४ | `L = ln c` | `3.8712` |

या आलेखात `a` पासून दोन बाण निघतात, एक `b` कडे आणि दुसरा `c` कडे. `x` पासूनही दोन बाण निघतात, एक `a` कडे आणि दुसरा `b` कडे. या फुटणाऱ्या वाटा परतीच्या फेऱ्यात महत्त्वाच्या ठरतात.

## परतीचा फेरा

प्रत्येक नोडसाठी एक जास्तीची संख्या राखून ठेवली जाते. तिला त्या नोडचे संलग्न मूल्य म्हणतात. या लेखात `a` या नोडचे संलग्न मूल्य `D(a)` असे लिहिले आहे. त्याचा अर्थ असा: `a` ची किंमत किंचित बदलली, तर अंतिम उत्तर `L` त्याच्या किती पटीने बदलेल. सुरुवातीला सर्व संलग्न मूल्ये शून्य असतात. केवळ अंतिम नोडचे मूल्य १ मानले जाते, कारण `L` मधील बदल हा `L` मधील बदलाइतकाच असतो.

यानंतर पायऱ्या उलट क्रमाने घेतल्या जातात. प्रत्येक पायरी आपले संलग्न मूल्य आपल्या आदानांकडे, म्हणजे ज्या किमतींवरून ती काढली गेली त्यांच्याकडे, परत पाठवते. पाठवताना त्या पायरीच्या स्थानिक अवकलजाने त्याला गुणले जाते. वरील उदाहरणात हे असे घडते:

- पायरी ४, `L = ln c`. लॉगरिदमचा स्थानिक अवकलज `1/c`, म्हणजे `1/48`. म्हणून `D(c) = 1/48`.
- पायरी ३, `c = a · b`. गुणाकारात एका घटकाचा स्थानिक अवकलज म्हणजे दुसरा घटक. म्हणून `a` कडे `8 × 1/48 = 1/6` आणि `b` कडे `6 × 1/48 = 1/8` जातात.
- पायरी २, `b = a + x`. बेरजेचा स्थानिक अवकलज १. म्हणून `a` कडे `1/8` आणि `x` कडेही `1/8` जातात. `a` कडे आधीच `1/6` आलेले आहे. नवा हिस्सा त्यात मिळवला जातो आणि `D(a) = 1/6 + 1/8 = 7/24` होते.
- पायरी १, `a = x · y`. `x` कडे `3 × 7/24 = 7/8` आणि `y` कडे `2 × 7/24 = 7/12` जातात. `x` कडे आधी `1/8` होते, म्हणून `D(x) = 1/8 + 7/8 = 1`.

अशा रीतीने `D(x) = 1` आणि `D(y) = 7/12`, म्हणजे सुमारे `0.5833`, अशी ग्रेडियंट मिळते. हे उत्तर कागदावर पडताळता येते. मूळ फलन `2 ln x + ln y + ln(y + 1)` असेही लिहिता येते. त्यावरून `x` चा आंशिक अवकलज `2/x = 1` आणि `y` चा `1/3 + 1/4 = 7/12` येतो. संगणकाला मात्र हे सोपे रूप शोधावे लागले नाही आणि ते त्याला ठाऊकही नाही. त्याने चार स्थानिक नियम आणि मधल्या किमती एवढेच वापरले.

या फेऱ्यातील दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, एखाद्या नोडकडे अनेक वाटांनी हिस्से आले, तर त्यांची बेरीज होते. नवा हिस्सा जुन्याची जागा घेत नाही. पायरी २ मध्ये `1/6` पुसून त्याजागी `1/8` लिहिले असते, तर `D(y)` चे उत्तर `7/12` ऐवजी `1/4` आले असते. अशी चूक झाली तरी कार्यक्रम थांबत नाही. तो चुकीचे उत्तर देऊन पुढे जातो. दुसरी गोष्ट, एखाद्या नोडचे संलग्न मूल्य पुढे पाठवण्यापूर्वी त्याच्याकडे येणारे सर्व हिस्से पोहोचलेले असले पाहिजेत. पायऱ्या काटेकोरपणे उलट क्रमाने घेतल्या की ही अट आपोआप पाळली जाते.

## पुरोगामी पद्धतीशी तुलना

साखळी नियम दुसऱ्या दिशेनेही लावता येतो. पुरोगामी पद्धतीत एक चल निवडून, प्रत्येक पायरीच्या किमतीबरोबरच त्या चलाच्या संदर्भातील तिचा अवकलजही पुढे नेला जातो. वरील उदाहरणात `x` निवडल्यास `a` चा अवकलज `3`, `b` चा `3 + 1 = 4`, `c` चा `3·8 + 6·4 = 48` आणि `L` चा `48/48 = 1` येतो. उत्तर तेच आहे, परंतु या फेऱ्यातून `y` विषयी काहीच कळत नाही. `y` साठी पुन्हा `2, 2, 28` आणि `28/48` असा दुसरा फेरा घ्यावा लागतो.

म्हणजे पुरोगामी पद्धतीत जितकी आदाने तितके फेरे लागतात आणि प्रतिगामी पद्धतीत जितकी उत्तरे तितके. एका आदानावरून हजार उत्तरे काढणाऱ्या फलनाला पुरोगामी पद्धत सोयीची असते. यंत्र-शिक्षणात परिस्थिती नेमकी उलट असते. तेथे लाखो प्राचलांवरून एकच संख्या काढली जाते: प्रतिमानाचे उत्तर खऱ्या उत्तरापासून किती दूर आहे हे सांगणारे त्रुटी-फलन. अशा दहा लाख प्राचलांसाठी पुरोगामी पद्धतीला दहा लाख फेरे लागतील. प्रतिगामी पद्धतीला एक पुरतो.

त्या एका फेऱ्याचा खर्चही मर्यादित असतो. प्रत्येक मूलभूत क्रियेमागे परतताना ठरावीक थोड्याच क्रिया कराव्या लागतात, जसे एका गुणाकारामागे दोन गुणाकार आणि हिस्से मिळवण्याच्या बेरजा. त्यामुळे फलनाची किंमत आणि संपूर्ण ग्रेडियंट मिळून होणारा खर्च हा केवळ किंमत काढण्याच्या खर्चाच्या एका लहान स्थिर पटीत राहतो. ही पट चलांच्या संख्येवर अवलंबून नसते.

## प्रणालींमधील अंमलबजावणी

ही पद्धत थोड्याच ओळींत लिहिता येते. पुढील पायथन कार्यक्रमात प्रत्येक संख्या आपली किंमत, आपली आदाने आणि त्यांचे स्थानिक अवकलज यांची नोंद ठेवते:

```python
import math

class Num:
    def __init__(self, val, parents=()):
        self.val, self.parents, self.D = val, parents, 0.0

def mul(p, q): return Num(p.val * q.val, ((p, q.val), (q, p.val)))
def add(p, q): return Num(p.val + q.val, ((p, 1.0), (q, 1.0)))
def log(p):    return Num(math.log(p.val), ((p, 1 / p.val),))

def backward(tape):
    tape[-1].D = 1.0
    for v in reversed(tape):
        for p, d in v.parents:
            p.D += d * v.D
```

`x`, `y`, `a`, `b`, `c`, `L` हे नोड तयार झालेल्या क्रमाने `tape` या यादीत ठेवून `backward` चालवले, की `x.D` मध्ये १ आणि `y.D` मध्ये सुमारे ०.५८३३ ही किंमत येते (शेवटच्या अंकात पूर्णांकनाचा फरक पडू शकतो). या यादीला नोंदपट्टी असे म्हणता येईल. शेवटच्या ओळीतील `+=` हे चिन्ह म्हणजेच मागील विभागात सांगितलेली हिश्श्यांची बेरीज होय.

प्रत्यक्ष प्रणालींमध्ये वापरकर्त्याला नोंदपट्टी दिसत नाही. बेरीज, गुणाकार इत्यादी चिन्हांचा अर्थ त्या आपल्या संख्याप्रकारासाठी बदलून घेतात, त्यामुळे नेहमीसारखा कार्यक्रम लिहिला तरी नोंद पडद्याआड होत राहते. पायटॉर्चमध्ये वरील उदाहरण असे लिहितात:

```python
import torch
x = torch.tensor(2.0, requires_grad=True)
y = torch.tensor(3.0, requires_grad=True)
a = x * y
L = torch.log(a * (a + x))
L.backward()
print(x.grad, y.grad)
```

येथे आलेख आधी रचून ठेवलेला नसतो. कार्यक्रम चालत असताना तो रचला जातो आणि परतीचा फेरा संपला की मोडला जातो. म्हणून `if` आणि `for` यांचा वापर करण्यास अडचण येत नाही. जी वाट प्रत्यक्षात चालली गेली, तिचीच नोंद होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टेन्सरफ्लोच्या पहिल्या आवृत्तीत मात्र आलेख आधी पूर्ण रचून मग त्यात संख्या भराव्या लागत. त्यामुळे प्रणालीला संपूर्ण आलेख पाहून तो सुधारता येई, परंतु चूक नेमकी कोणत्या ओळीत आहे हे शोधणे अवघड जाई. २०१९ मधील दुसऱ्या आवृत्तीपासून टेन्सरफ्लोनेही चालता चालता नोंद ठेवण्याची रीत मुख्य म्हणून स्वीकारली.

आधी रचलेल्या आलेखावर परतीचा फेरा हा स्वतंत्र आलेख म्हणून जोडता येतो. थिआनो ही प्रणाली असेच करीत असे. अशा वेळी चिन्हात्मक अवकलन आणि स्वयंचलित अवकलन यांतील सीमारेषा पुसट होते. खरा भेद चिन्हे वापरण्यात नसून, `a` सारखे सामाईक भाग एकदाच काढून पुन्हा वापरण्यात आहे. सूत्र पूर्ण विस्तारून लिहिले की ही सामाईकता हरवते आणि सूत्रफुगवटा सुरू होतो.

### आव्यूहांवरील क्रिया

मोठ्या प्रणालींमध्ये एक नोड म्हणजे एक संख्या नसून बहुधा संख्यांचा संपूर्ण आव्यूह (मॅट्रिक्स) असतो. `Y = XW` या गुणाकारासाठी परतीचा नियम असा आहे:

`D(X) = D(Y) · Wᵀ`, `D(W) = Xᵀ · D(Y)`

समजा `X` मध्ये ३२ ओळी व १,००० स्तंभ आणि `W` मध्ये १,००० ओळी व ५०० स्तंभ आहेत. `Y` मध्ये १६,००० आणि `W` मध्ये पाच लाख संख्या असतील. `Y` मधील प्रत्येक संख्येचा `W` मधील प्रत्येक संख्येच्या संदर्भातील अवकलज मांडायचा ठरवला, तर ८०० कोटी नोंदींचा तक्ता होईल. हा तक्ता कधीच तयार केला जात नाही. वरील नियम त्या तक्त्याला `D(Y)` ने गुणल्यावर येणारे उत्तर थेट देतो आणि ते पाच लाख संख्यांचेच असते. प्रणालीतील प्रत्येक क्रियेबरोबर असा एक परतीचा नियम माणसाने लिहून ठेवलेला असतो; त्या नियमांची जुळणी करणे एवढेच स्वयंचलित असते. पुढे जाताना आव्यूहांचा एक गुणाकार आणि परतताना दोन, यामुळे चेताजालाच्या प्रशिक्षणातील एका टप्प्याला केवळ उत्तर काढण्याच्या सुमारे तिप्पट गणन लागते.

## स्मृतीचा खर्च

परतीच्या फेऱ्यात पायरी ३ ला `a` आणि `b` यांच्या किमती लागल्या आणि पायरी ४ ला `c` ची. या किमती पुढे जाताना निघाल्या होत्या, परंतु त्यांचा उपयोग परतताना झाला. म्हणून त्या मधल्या काळात सांभाळून ठेवाव्या लागतात. फलनाच्या पायऱ्या जितक्या अधिक, तितकी स्मृती अधिक. पुरोगामी पद्धतीत मागची किंमत वापरून झाली की टाकून देता येते. तेथे ही अडचण नसते. केवळ उत्तर काढताना सहज मावणारे चेताजाल प्रशिक्षणाच्या वेळी संगणकाच्या स्मृतीत न मावण्याचे हे एक मोठे कारण आहे.

यावरचा रूढ उपाय म्हणजे काही ठरावीक ठिकाणच्याच किमती साठवणे आणि मधल्या किमती लागतील तेव्हा पुन्हा काढणे. समजा एकामागून एक १०,००० सारख्या पायऱ्या आहेत. दर शंभराव्या पायरीची स्थिती साठवली, तर १०० स्थिती साठवल्या जातात. परतताना शेवटच्या शंभर पायऱ्या त्यांच्या आधीच्या साठवलेल्या स्थितीपासून पुन्हा चालवायच्या, त्यांच्या १०० स्थिती तात्पुरत्या ठेवायच्या, तेवढ्या भागाचा परतीचा फेरा पूर्ण करायचा आणि मग त्या तात्पुरत्या स्थिती टाकून अलीकडच्या भागाकडे वळायचे. अशा रीतीने एका वेळी १०,००० ऐवजी सुमारे २०० स्थितीच स्मृतीत राहतात. त्याबदल्यात पुढचा फेरा जवळपास एकदा जास्त घ्यावा लागतो. साठवणीच्या जागा अधिक कौशल्याने निवडल्यास स्मृती आणि पुनर्गणन या दोन्हींची वाढ पायऱ्यांच्या लॉगरिदमच्या प्रमाणात ठेवता येते, हे आंद्रेआस ग्रीवांक यांनी १९९२ मध्ये दाखवले.

## मर्यादा आणि नेहमीच्या चुका

स्वयंचलित अवकलन गणिती फलनाचे अवकलन करीत नाही, तर चालवल्या गेलेल्या कार्यक्रमाचे करीत असते. बहुतेक वेळा दोन्ही एकच असतात, परंतु नेहमी नव्हे. `x` चा वर्ग काढणाऱ्या कार्यक्रमात कोणी 'x ची किंमत ३ असल्यास थेट ९ द्यावे, अन्यथा x·x काढावे' असे लिहिले, तर त्याचे उत्तर सर्वत्र बरोबर येईल. तरीही `x = 3` असताना नोंदपट्टीत `x` पासून ९ कडे जाणारा बाणच नसतो. खरा अवकलज `6` असताना नोंदीप्रमाणे तो शून्य ठरतो. असाच प्रकार मधली किंमत आलेखाबाहेर नेल्याने घडतो. पायटॉर्चमध्ये `.item()` वापरून एखादी किंमत साधी संख्या म्हणून काढून घेतली आणि पुढचे गणित तिच्यावर केले, तर ती वाट तेथेच तुटते.

ज्या बिंदूवर अवकलज अस्तित्वातच नसतो, तेथे प्रणाली संकेताने एक किंमत ठरवतात. ऋण संख्येऐवजी शून्य देणाऱ्या `relu` या फलनाचा शून्यावरील अवकलज पायटॉर्चमध्ये शून्य मानला जातो. वर्गमूळाच्या बाबतीत शून्यावरील स्थानिक अवकलज अनंत होतो आणि त्यातून एक फसवी चूक उद्भवते. `torch.where(x > 0, torch.sqrt(x), 0.0)` या ओळीत `x` शून्य असताना वर्गमूळाची शाखा निवडलीच जात नाही. परंतु दोन्ही शाखा काढल्या गेलेल्या असल्याने परतीच्या फेऱ्यात त्या शाखेकडे शून्य हिस्सा पाठवला जातो. शून्य गुणिले अनंत याचे उत्तर `nan`, म्हणजे 'संख्या नव्हे', असे येते आणि ते `x` च्या ग्रेडियंटमध्ये शिरते. पुढच्या फेऱ्यातील उत्तर अगदी व्यवस्थित दिसत असल्यामुळे कारण चटकन लक्षात येत नाही. उपाय असा की, वर्गमूळ घेण्यापूर्वीच त्याच्या आदानातील शून्याच्या जागी एखादी धन संख्या बसवावी.

साठवलेली किंमत परतीच्या फेऱ्यापूर्वी जागच्या जागी बदलली गेली, तर स्थानिक अवकलज चुकीचे येतील. हे टाळण्यासाठी पायटॉर्च प्रत्येक साठ्याचा आवृत्ती-क्रमांक ठेवते आणि तो न जुळल्यास चुकीचे उत्तर देण्याऐवजी त्रुटी दाखवून थांबते. याउलट, वेगवेगळ्या फेऱ्यांतील ग्रेडियंट `x.grad` मध्ये साचत जातात आणि त्याविषयी कोणतीही सूचना मिळत नाही. वरील उदाहरण त्याच `x` आणि `y` वर पुन्हा चालवल्यास `x.grad` मध्ये १ ऐवजी २ दिसेल. म्हणून प्रत्येक टप्प्यापूर्वी तो साठा रिकामा करावा लागतो.

ग्रेडियंट बरोबर आहे की नाही हे तपासण्यासाठी संख्यात्मक अवकलन उपयोगी पडते. वरील उदाहरणात `h = 0.01` घेऊन `x` ला `2.01` आणि `1.99` या किमती दिल्या आणि `L` मधील फरकाला `0.02` ने भागले, तर `1.0000083` हे उत्तर येते. ते १ च्या इतके जवळ आहे की परतीचा नियम बरोबर आहे असे मानता येते. एखादा हिस्सा हरवून `7/8` आले असते, तर ते लगेच उघड झाले असते. ही तपासणी थोड्या चलांवर आणि दुहेरी अचूकतेच्या संख्या वापरून करावी लागते. एकेरी अचूकतेत `h` लहान घेतल्यास पूर्णांकनाची चूकच मोठी दिसते.

## इतिहास

आर. ई. वेंगर्ट यांनी १९६४ मध्ये पुरोगामी पद्धतीचे वर्णन प्रसिद्ध केले. प्रतिगामी पद्धत फिनलंडचे सेप्पो लिनाइनमा यांनी १९७० मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील आपल्या पदव्युत्तर प्रबंधात मांडली. त्यांचा विषय यंत्र-शिक्षण नव्हता. दीर्घ गणितात प्रत्येक पायरीवर होणाऱ्या पूर्णांकनाच्या चुका साचून अंतिम उत्तरात किती फरक पडतो, हा त्यांचा प्रश्न होता. संलग्न मूल्य नेमके तेच सांगते. वरील उदाहरणात `D(a) = 7/24` आहे. म्हणजे `a` काढताना झालेली लहानशी चूक `L` मध्ये तिच्या `7/24` पटीने उतरेल. सर्व पायऱ्यांचे असे परिणाम एकदम हवे असतील, तर परतीचा फेरा हाच स्वाभाविक मार्ग ठरतो.

१९८० मध्ये बर्ट स्पीलपेनिंग यांनी इलिनॉय विद्यापीठातील आपल्या प्रबंधात, दिलेल्या कार्यक्रमावरून ग्रेडियंट काढणारा कार्यक्रम आपोआप तयार करण्याची पद्धत मांडली. या लेखाच्या आरंभी आलेले गुणाकाराचे उदाहरण या क्षेत्रात त्यांच्याच नावाने ओळखले जाते. वॉल्टर बाउर आणि फोल्कर स्ट्रासेन यांनी १९८३ मध्ये ग्रेडियंटचा खर्च मूळ गणनाच्या स्थिर पटीत राहतो, हे अंकगणिती क्रियांच्या बाबतीत सिद्ध केले. १९८६ मध्ये डेव्हिड रुमेलहार्ट, जेफ्री हिंटन आणि रोनाल्ड विल्यम्स यांच्या 'नेचर'मधील लेखामुळे बॅकप्रोपगेशन हे नाव चेताजालांच्या अभ्यासकांमध्ये रूढ झाले. अवकलनाच्या अभ्यासकांनी आणि चेताजालांच्या अभ्यासकांनी ही कल्पना बराच काळ वेगवेगळ्या नावांनी वापरली. सर्वसाधारण कार्यक्रमाची नोंद ठेवून ती उलट वाचणाऱ्या आजच्या प्रणालींमध्ये हे दोन्ही प्रवाह एकत्र आलेले दिसतात.